दोन रेघांमधले चार तास

कळा, बाळाचे ठोके आणि गर्भाशयाचं तोंड किती उघडलं हे वेळेप्रमाणे मांडायचा आलेखाचा कागद म्हणजे पार्टोग्राफ. तो बाळंतपण चालू असतानाच भरायचा असतो. सुरुवातीची काही वर्षं मी तो बाळंतपण झाल्यावर भरायचे. हे लिहायला लाज वाटते, पण लेबर रूममध्ये रात्रपाळ्या काढलेल्या कुठल्याही सिस्टरला यात नवल वाटणार नाही. बाळ गुंडाळून आईच्या कुशीत द्यायचं, वार पडली का बघायचं, टाके असले तर उरकायचे आणि मग टेबलावर चहाचा कप ठेवून तो कागद पुढे ओढायचा. किती वाजता आली, किती वाजता बाळ झालं हे ठाऊक असायचं. तोंड किती उघडलं ते दाखवणाऱ्या मधल्या फुल्या मग अलर्ट लाइन नावाच्या छापील तिरप्या रेघेच्या बरोबर अंगावरून मारत जायच्या. बाळाचे ठोके १४०, १४२, १४०. आईची नाडी ८०, ८२, ८०. अशा कागदावर एकही बाई कधी अडलेली नसते. केस पेपरांची तपासणी व्हायची तेव्हा माझे कागद सगळ्यांत नीटनेटके म्हणून वाखाणले जायचे.

मी मूळची सिंधुदुर्गातली, लग्न होऊन गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आले. इथल्याच एका सरकारी आरोग्य केंद्रात स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे साधी बाळंतपणं होतात. ऑपरेशन थिएटर नाही, रक्तपेढी नाही, रात्री डॉक्टर फोनवर असतात. सिझेरियन लागलंच तर बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ, म्हणजे पन्नासेक किलोमीटर. फोंडा, बाणस्तारी, जुने गोवे करत अँब्युलन्सला सव्वा तास लागतो आणि पावसात किती लागेल ते पाऊसच ठरवतो. हा सव्वा तास लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

माझी ही सवय मोडली ती एका प्रशिक्षणात. शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर दोन तिरप्या समांतर रेघा काढल्या आणि विचारलं, "या दोघींत चार तासांचंच अंतर का? तीन का नाही, पाच का नाही?" आम्ही पंचवीसेक जणी बसलो होतो, कुणालाही सांगता येईना. रेघा छापूनच येतात, त्यांना कारण असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. १९५४ साली अमेरिकेत फ्रीडमन नावाच्या डॉक्टरांनी गर्भाशयाचं तोंड किती वेळात किती उघडतं याचा आलेख मांडला. त्यावर या रेघा चढवल्या त्या १९७२ मध्ये फिलपॉट आणि कॅसल या दोघा डॉक्टरांनी, तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत. तिथं लांबलांबच्या छोट्या दवाखान्यांत सुईणी बाळंतपणं करायच्या आणि अडलेली बाई शहरातल्या मोठ्या इस्पितळात पाठवावी लागायची. पहिली रेघ म्हणजे अलर्ट लाइन, तासाला एक सेंटीमीटर या चालीची. बाई तिच्या मागे पडली की छोट्या दवाखान्याने तिला हलवायचं. दुसरी रेघ म्हणजे अ‍ॅक्शन लाइन, चार तास उजवीकडे, तिथे इस्पितळाने काहीतरी करायचं. आणि मधले चार तास होते वाहन मिळवायला, रस्ता काटायला आणि पोचल्यावर तिला नीट तपासायला.

म्हणजे ते चार तास रस्त्याचे होते. आम्ही मात्र ते वाट बघण्याचे समजत होतो. "अजून अ‍ॅक्शन लाइनला कुठं लागलीय" हे वाक्य मी स्वतः कितीदा बोलले असेन. जिथं सिझेरियन होत नाही तिथं अ‍ॅक्शन लाइनपर्यंत थांबायचं म्हणजे गाडी सुटल्यावर तिकीट काढायला रांगेत उभं राहायचं.

त्यानंतरची एक केस सविस्तर सांगते. त्या बाईला सुमन म्हणू, नाव बदललेलं आहे. श्रावणातले दिवस. वय २३, पहिलटकरीण, दिवस भरलेले, नऊ महिन्यांत रक्तदाब वगैरे सगळं बरं. दुपारी एकला सासूबरोबर आली. कळा येत होत्या पण तुटक. तपासलं तर तोंड ३ सेंटीमीटर. पार्टोग्राफ अजून सुरू करायचा नाही. नव्या मुली इथंच चुकतात. बाई दाखल झाली म्हणजे कागद सुरू, असं त्यांना वाटतं. सुरुवातीचा हा टप्पा कितीही रेंगाळू शकतो, पहिलटकरणीचा तर रात्रभरसुद्धा, आणि त्याला तासाला एक सेंटीमीटरचं माप लावलं तर चांगली बाईसुद्धा अडलेली दिसते. जुन्या पार्टोग्राफमध्ये या टप्प्याला आठ तासांची वेगळी जागा होती. त्यामुळेच गोंधळ व्हायचा म्हणून २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने ती काढून टाकली आणि कागद ४ सेंटीमीटरपासून सुरू केला. आमच्या सरकारी कागदावरही तसंच आहे.

सुमनला मी फिरायला सांगितलं. सासूने डब्यातून उकड्या तांदळाची पेज आणली होती, ती तिने थोडी घेतली.

संध्याकाळी ५ वाजता परत पीव्ही, म्हणजे बोटांनी आतून तपासणी, केली. ४ सेंटीमीटर, तोंड पातळ झालेलं. कळा दहा मिनिटांत तीन, प्रत्येक तीसेक सेकंदांची. आता कागद काढला. ४ च्या आडव्या ओळीवर, जिथून अलर्ट लाइन सुरू होते तिथं पहिली फुली, आणि खाली वेळेच्या चौकटीत ५.००. पहिली फुली नेहमी अलर्ट लाइनवरच पडते. बाई ६ सेंटीमीटरला आली असती तर फुली रेघेवर ६ च्या उंचीला मारायची आणि वेळ त्या चौकटीखाली लिहायची. पुष्कळ जणी ती डाव्या कडेला मारतात. मग फुली रेघेच्या बरीच डावीकडे जाते आणि बाईच्या खाती नसलेले दोन तास जमा होतात. पुढे ती खरंच मागे पडली तरी कागद सांगत नाही, कारण उधारीवरचे ते तास आधी संपावे लागतात.

पुढचे चार तास दर अर्ध्या तासाला तीच कामं. कळा मोजायच्या म्हणजे पोटावर हात ठेवून पूर्ण दहा मिनिटं बसायचं. हे कुणी करत नाही, मीही करत नव्हते. बाई कण्हली की कळ आली असं धरायचं आणि अंदाजाने तीन लिहायचं. पण काही बायका कण्हत नाहीत आणि काही नुसत्या भीतीनेच कण्हतात. हाताखाली पोट दगडासारखं कडक होतं, तोंडातून आवाज येण्याच्या जरा आधीच होतं, आणि सैल पडलं की घड्याळ बघायचं. वीस सेकंदांच्या आतली कळ असेल तर चौकटीत ठिपके, वीस ते चाळीसची असेल तर तिरप्या रेघा, चाळीसच्या वर असेल तर चौकट पूर्ण भरायची. किती कळा, तितक्या चौकटी.

ठोके कळ ओसरल्यावर लगेच ऐकायचे आणि पूर्ण एक मिनिट मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर नेमकं जे ऐकायला हवं तेच निसटतं. कळेत दमलेलं बाळ कळ संपल्यावरही काही क्षण मंदच राहतं आणि मग सावरतं. पहिल्या पंधरा सेकंदांचा आकडा वेगळा आणि शेवटच्या पंधराचा वेगळा. आमच्या कागदाप्रमाणे १२० ते १६० मध्ये असले तर ठीक.

५.३० ला १४४, ६ ला १४०, ६.३० ला १४८. कळा तीनच राहिल्या, पण ७ वाजेपर्यंत चाळीस सेकंदांवर गेल्या. साडेसातला कॉटवर असताना बाळाभोवतीचं पाणी गेलं. रंग बघितला, स्वच्छ, म्हणून सी लिहिला. बाळाने पोटात शी केलेली असती तर हिरवट पाणी, एम. ते दिसलं असतं तर रेघेची वाट बघत बसले नसते. पाणी गेल्यावर मी लगेच ठोके ऐकले, कारण डोकं अजून वर होतं. वर तरंगणाऱ्या डोक्याच्या बाजूने पाण्याबरोबर नाळ खाली सरकू शकते. १४६. बरं वाटलं.

डोकं किती वर आहे ते पोटावरूनच कळतं. ओटीपोटाच्या हाडाच्या वर आपली बोटं आडवी ठेवायची. डोकं पाचही बोटांना लागलं तर पूर्ण वर, दोन बोटं किंवा कमी तर खाली उतरलंय. आमच्या सोप्या केलेल्या कागदावर याला जागाच नाही. ही सोय नाही, गैरसोय आहे असं माझं मत, म्हणून मी समासात लिहिते. ५ वाजता चार बोटं लिहिली होती. साडेआठला सुमनला लघवीला नेऊन आणलं, कारण भरलेली मूत्राशयाची पिशवीही डोकं अडवून धरते, आणि परत बघितलं. चार बोटंच. कळा आता दहा मिनिटांत चार, पंचेचाळीस सेकंदांच्या. कागदावरच्या चारही चौकटी निळ्या शाईने भरून टाकल्या.

इथं मला पहिल्यांदा आत कुठंतरी टोचलं. कळा नीट वाढत होत्या, ठोके उत्तम, नाडी ८८, रक्तदाब १२०/७८. बाई घामाघूम, पण बोलत होती. सगळं चांगलं चाललेलं आणि डोकं मात्र जागचं हलत नव्हतं.

९ ला पीव्ही. ६ सेंटीमीटर.

हातमोजा काढून कागदावर आले. चार तासांत दोन सेंटीमीटर. पाचपासून चार तास म्हणजे रेघेप्रमाणे ८ ला असायला हवी होती. माझी फुली ६ वर, अलर्ट लाइनच्या दोन चौकटी उजवीकडे पडली. ६ च्याच ओळीवरून बोट आणखी उजवीकडे सरकवलं तर आणखी दोन चौकटींवर अ‍ॅक्शन लाइन, म्हणजे रात्रीचे ११.

पीव्हीत आणखी दोन गोष्टी लागल्या होत्या. बाळाच्या टाळूवर सूज यायला लागली होती. आणि कवटीच्या दोन हाडांमधली खाच बोटाला लागायला हवी तिथं एक हाड दुसऱ्यावर चढलेलं लागत होतं. दाबलं की मागे सरकत होतं, म्हणून अधिकच्या दोन खुणा लिहिल्या. सरकलं नसतं तर तीन. हाडं थोडी जवळ येणं नेहमीचंच, वाट काढताना डोकं स्वतःला बारीक करतं. पण डोकं चार बोटं वर असताना हाडं चढायला लागली तर वेगळी गोष्ट. आत शिरायच्या आधीच दाबलं जातंय, म्हणजे दाराला आणि डोक्याला माप जुळत नाही.

कळा कमी असत्या आणि प्रगती नसती तर गर्भाशय सुस्त आहे म्हटलं असतं. इथं कळा भरपूर होत्या. जोर लागतोय आणि पुढं सरकत नाही, म्हणजे अडथळा आहे. या क्षणी सगळ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट येते, सलाइनमध्ये ऑक्सिटोसिन घालून कळा वाढवू. अडथळ्यावर जोर वाढवला तर बाळ गुदमरतं, आणि गर्भाशय फाटलं तर पन्नास किलोमीटरवरच्या थिएटरचा काही उपयोग नसतो. ज्या ठिकाणी सिझेरियन होत नाही तिथं कळा वाढवायची ड्रिप लावायचीच नाही, हा नियम मला आधी नुसता पाठ होता. त्या रात्री तो समजला.

ऑन कॉल डॉक्टरांना फोन लावला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सिस्टर, ठोके बरे आहेत ना? पहिलटकरीण आहे, वेळ लागणारच. दोन तासांनी परत बघा, मग ठरवू."

चुकीचं बोलत होते असं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे कागद नव्हता. मी म्हटलं, "डॉक्टर, दोन तासांनी अकरा वाजतील. अकराला ती अ‍ॅक्शन लाइनला लागते. तेव्हा ठरवलं तर बांबोळीला पोचायला साडेबारा-एक होईल. आत्ता निघाली तर अकराच्या सुमारास पोचते." पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग, "डोकं किती वर?" "चार बोटं. पाचला होतं तेवढंच. हाडं चढलीत." "पाठवा."

हे संभाषण दोन मिनिटांचं. पण माझ्या हातात कागद नसता, नुसतं "मला बरं वाटत नाही" एवढंच असतं, तर मी ते दोन तास थांबले असते. एकदा थांबलेही होते. ती केस बरीच जुनी आहे आणि मी ती फार सांगत नाही. बाळ जगलं, पण बरेच दिवस काचेच्या पेटीत होतं. त्या बाईचा पार्टोग्राफ मी तिला पाठवून दिल्यावर भरला होता. तो इतका सुंदर होता की तिला पाठवली का तेच त्यावरून कळत नव्हतं.

१०८ ला ९.२० ला फोन केला. गाडी यायला पंचवीस मिनिटं लागली. तेवढ्यात हाताला सुई लावून साधी रिंगर लॅक्टेट सुरू केली, सुमनला डाव्या कुशीवर झोपवलं, बांबोळीच्या लेबर रूमला कळवलं. सासूला समजावणं सगळ्यांत अवघड गेलं. ती म्हणाली, "सिस्टर, ठोके बरे म्हणता, बाय बोलते आहे, मग कशाला न्यायची? तिथं नेली की कापतात." तिचं बरोबरच होतं, बाहेरून काहीच दिसत नव्हतं. मी तिला कागद दाखवला. वाचता येतं का विचारलं नाही, कारण वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं. "मावशी, ही रेघ म्हणजे वाट. ही फुली म्हणजे तुमची सून. पाचला वाटेवर होती, आता वाटेच्या बाहेर आलीय. इथं, या दुसऱ्या रेघेवर पोचायच्या आत तिला डॉक्टरच्या हाताखाली न्यायचीय." तिने फुलीवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या रेघेवर ठेवलं, आणि पिशवी भरायला गेली.

रेफरल स्लिपवर काय लिहायचं हेही मी त्या काळात शिकले. आधी मी "प्रगती नाही, पुढील उपचारासाठी" असं लिहायचे. त्यावरून पलीकडच्या डॉक्टरला काहीच कळत नाही, त्याला पहिल्यापासून सगळं विचारावं लागतं. आता पार्टोग्राफचीच झेरॉक्स जोडते. रात्री झेरॉक्सवाला कुठला, म्हणून त्या दिवशी मूळ कागदच पाठवला आणि आमच्याकडे मोबाईलमध्ये फोटो ठेवला. स्लिपवर चार ओळी: ५ वाजता ४, ९ वाजता ६, डोकं चार बोटं, पाणी ७.३० ला गेलं, स्वच्छ, ठोके १५०, ऑक्सिटोसिन दिलेलं नाही. शेवटचं वाक्य विसरायचं नाही, तिकडे पहिला प्रश्न तोच असतो.

९.५५ ला गाडी सुटली. मी बरोबर गेले, बाळंतपणाचं किट मांडीवर. वाटेत पाऊस. आवाजात फीटोस्कोपने काही ऐकू येत नाही, छोटा डॉप्लर होता त्याने दोनदा ठोके घेतले, १५२ आणि १४८. सुमन माझं मनगट धरून होती. दर कळेला दाबायची, त्यामुळे कळा मोजायचं काम तिनंच केलं. ११.१० ला पोचलो.

तिथल्या डॉक्टर बाईंनी माझ्याकडे बघायच्या आधी कागदाकडे बघितलं. तपासलं. दोन तासांनंतरही जेमतेम ७, डोकं तिथंच. आणि आणखी एक गोष्ट, जी मला बोटांना कळली नव्हती: बाळाच्या डोक्याचा मागचा भाग आईच्या पाठीकडे होता. अशा स्थितीत डोकं नीट वाकत नाही आणि मोठा व्यास घेऊन उतरायला बघतं. मध्यरात्रीनंतर सिझेरियन झालं. मुलगी, साडेतीन किलोच्या वर. लगेच रडली. मी तोवर परतीच्या वाटेवर होते, फोनवर कळलं.

आता याची दुसरी बाजू. त्यानंतर काही आठवड्यांनी एक तिसरटकरीण अलर्ट लाइनच्या एक चौकट उजवीकडे गेली. दोन बोटं डोकं, कळा बऱ्या. मी सुमनच्या केसच्या जोरावर होते, पाठवून दिली. ती फोंड्याच्या पुढे गाडीतच बाळंत झाली. सगळं सुखरूप, पण पुढचा महिनाभर "सिस्टर, रेघ ओलांडली काय?" असं चिडवणं ऐकून घ्यावं लागलं. चूक माझीच. आधीची दोन बाळंतपणं झालेली आणि डोकं खाली उतरलेलं, अशा बाईला नुसत्या एका फुलीवर हलवायला नको होतं. शिवाय आधीची पीव्ही दुसऱ्या सिस्टरने केली होती. तिचे ५ आणि माझे ५ एकच असतील असं नाही. बोटांच्या मापात एक सेंटीमीटर इकडेतिकडे सहज होतो आणि त्या एका सेंटीमीटरनेच फुली रेघ ओलांडते. तेव्हापासून शक्यतो एकाच हाताने तपासायचं आणि पाळी बदलली तर जाणारीने येणारीसमोर तपासायचं, असं आम्ही ठरवलंय.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये हेच म्हटलं की तासाला एक सेंटीमीटर हे माप सगळ्यांना लावू नका, पुष्कळ निरोगी बायका त्याहून सावकाश चालतात. २०२० मध्ये त्यांनी नवा कागद काढला, लेबर केअर गाइड. तो ५ सेंटीमीटरला सुरू होतो, त्यात तिरपी रेघच नाही. प्रत्येक सेंटीमीटरवर किती वेळ रेंगाळली तर सावध व्हायचं ते दिलंय: ५ वर सहा तास, ६ वर पाच, ७ वर तीन, ८ वर अडीच, ९ वर दोन.

सुमनला मी त्या कागदावर नंतर मांडून बघितलं. पाच वाजता ती ४ वर होती, म्हणजे कागद सुरूच झाला नसता. नऊला ६, तिथून पाच तास म्हणजे रात्री दोनपर्यंत वेळेच्या हिशोबाने काही वावगं नाही. हे बघून मी थोडी गांगरले. मग खालचे रकाने बघितले. त्या कागदावर डोक्याच्या स्थितीला, सुजेला, हाडं चढण्याला आणि डोकं किती बोटं वर आहे याला स्वतंत्र जागा आहे. बाळाचं डोकं मागे वळलेलं असेल तर ते सावध होण्याचं चिन्ह धरलंय. आमच्या जुन्या कागदावर जे मी समासात लिहिते ते तिथं मुख्य अंगात आहे. वेळ सैल सोडलीय आणि डोकं घट्ट धरलंय.

तरी थिएटरपासून सव्वा तास लांब बसून माझं मन जुन्या रेघेला सोडायला तयार नाही. मी आता एवढंच करते की फुली उजवीकडे गेली की आधी पोटावर हात ठेवते. डोकं उतरतंय, कळा अजून वाढतायत, आधीची बाळंतपणं सोपी, तर दोन तासांनी परत तपासायचं ठरवून डॉक्टरांना कळवून ठेवते आणि गाडी कुठं आहे याची चौकशी करते. डोकं जागचं हलत नसेल आणि कळा चांगल्या असतील, तर फोन लावते.

परवाच्या रात्रपाळीला कौलं गळत असताना एक बाई आली, ९ सेंटीमीटर, गाडीतून उतरतानाच जोर येत होता. वीस मिनिटांत मुलगा झाला. सकाळी नवी मुलगी कोरा पार्टोग्राफ घेऊन माझ्याकडे आली, म्हणाली, "सिस्टर, फाइलला लावायला हा भरू का? वेळ सांगा, मी फुल्या मारते." मी कागद घेतला आणि वरच्या कोपऱ्यात लिहिलं: रात्री २.१० ला पूर्ण कळांत आली, तेव्हा ९ सेंटीमीटर, २.३० ला बाळंत, आलेख काढलेला नाही. खाली सही केली आणि तो तसाच फाइलला लावायला दिला.